उरलेली अर्धी

भिवा कांबळे नायगावच्या चाळीत एकटेच राहत. मागच्या महिन्यात दोन दिवस हृदयाची गोळी घ्यायची विसरले. छातीत धडधड वाढली आणि त्यांना टॅक्सीत घालून इस्पितळात न्यावं लागलं. तेव्हाच मुलगी मनाली म्हणाली होती, की आता एक जरी गोळी चुकली तरी वडाळ्याला आपल्या घरी यायचं. खोली बंद. भिवांनी कबूल केलं. दुसरं करणार काय?

तेव्हापासून रोज दुपारी शेजारची वैशाली त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढून मनालीला पाठवी. डोस सोपा होता, सकाळी अर्धी आणि रात्री अर्धी. दहा गोळ्यांचं पाकीट रविवारी सकाळी फोडलं होतं.

गुरुवारी मनालीने भायखळ्याच्या ऑफिसात डबा खाता खाता फोटो पाहिला. सहा कप्प्यांत गोळ्या दिसत होत्या. तिने बोटांवर हिशोब केला. बुधवार रात्रीपर्यंत चार संपल्या, आज सकाळची अर्धी गेली, म्हणजे साडेपाच हव्या होत्या. घास तसाच ठेवून तिने फोन लावला.

"आबा, सकाळची घेतली नाहीत ना?"

"घेतली."

"मग सहा कशा?"

"तूच मोज. गोळ्यांचा फोटो रोज मागतेस, माझा मागितलास कधी?"

संध्याकाळी न्यायला येते, कपडे भरून ठेवा, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण आबा खोटं बोलत नाहीत, एवढंही तिला ठाऊक होतं. तिने वैशालीला पाकीट उलटं करून, चंदेरी बाजूचा फोटो काढायला सांगितलं.

दुसरा फोटो आला. पाच कप्प्यांवरचा कागद धड होता. सहावा फाटलेला, पण बोटाने दाबून नीट बसवलेला.

"त्या फाटलेल्यात काय आहे?"

"रात्रीची अर्धी," भिवा म्हणाले. "आज तोडली तेव्हा दुसरी परत आत सरकवली. कालपर्यंत बाहेर ठेवत होतो, पण काल मुंग्या लागल्या."

पुढून, ट्यूबलाइटच्या चमकेत, ती अर्धी मनालीला अख्खीच वाटली होती. तिने पुन्हा मोजलं. पाच अख्ख्या आणि ही अर्धी. आज रात्रीची भागेल, मग शुक्रवारपासून मंगळवारच्या रात्रीपर्यंत पुरतील. एकही डोस चुकला नव्हता.

उरलेली अर्धी ठेवायला झाकणाची डबी देते, असं ती म्हणाली. नवं पाकीट रविवारी घेऊन येईन, हेही सांगितलं.

"न्यायला येतेस की द्यायला?" भिवांनी विचारलं. आवाज जरा खाली गेला होता.

"द्यायला, आबा. आणि जेवायला."

"मग बोंबील आणतो," ते म्हणाले. मग फोन न ठेवताच वैशालीला विचारू लागले, की रविवारी बाजारात किती वाजता गेलं तर ताजे मिळतील.