तेराव्या पायरीवरचं हरीण

गुरुनाथ टिपणीसांना हरणाने पाडलं, ही बातमी मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या मराठी घरांत दुपारच्या चहाआधी पोचली आणि संध्याकाळपर्यंत त्या हरणाला शिंगं फुटली.

मूळ हरीण तसं गरीब होतं. बेसमेंटच्या काचेच्या दारातून आत आलं, वर्कबेंचवरचं केळं सालासकट खाल्लं आणि जिन्यात गाठ पडल्यावर "आधी तुम्ही" अशा अदबीने बाजूला सरलं. गुरुनाथरावही सरले. दोघं एकाच बाजूला सरले, तिथे घोटाळा झाला. पण फोनवर त्यांच्या जुन्या मित्राने, प्रतापने, "सांबर होतं का रे?" असं इतक्या आशेने विचारलं, की त्या म्हाताऱ्याचं मन मोडणं गुरुनाथरावांच्या जिवावर आलं.

डाव्या मनगटाला प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरला मात्र त्यांनी हरीण सांगितलं नव्हतं. डॉक्टर गंभीर चेहऱ्याचा होता. त्याला साजेसं म्हणून त्यांनी भूकंप सांगितला: पायाखालची जमीन एकदम हलली आणि सगळा जिना गोल फिरला. मिशिगनमध्ये भूकंप! डॉक्टरने निमूटपणे 'चक्कर' असं लिहून घेतलं आणि गुरुनाथरावांच्या छातीवर दोन आठवडे हृदयाचे ठोके मोजणारी पट्टी चिकटवली. ठोके उत्तम निघाले. मग ब्लडप्रेशरची गोळी बदलली. मग कानाची तपासणी झाली. कानही उत्तम निघाले.

"माणूस आख्खा तपासून झाला," त्यांची बायको रत्नाबाई म्हणाल्या, "जीभ तेवढी राहिली."

अठ्ठ्याहत्तर वर्षांत गुरुनाथरावांच्या तोंडून साधी गोष्ट साधेपणाने बाहेर आली नव्हती. दूध संपलं हे सांगायलासुद्धा त्यांना एखादं मांजर लागायचं. दर शनिवारी चार वाजता त्यांच्या बेसमेंटमध्ये सात-आठ निवृत्त मंडळी जमत. जुन्या सोफ्यावर बसून चिवडा खात आणि गुरुनाथरावांच्या थापा तोंडात बोट घालून ऐकत. त्या थापा आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला खरं ऐकायचं असेल त्याने बातम्या लावाव्यात.

आता हा कट्टाच मोडायची वेळ आली होती. मुलगी राधिका नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून विमानाने आली ती हातात फोल्डर घेऊनच. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर ज्येष्ठांसाठी छान वसाहत होती, एकमजली, जिना म्हणून औषधालाही नाही. एक घर रिकामं होतं आणि सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आल्या आल्या तिने बेसमेंटच्या दाराच्या मुठीवर प्लॅस्टिकचं कव्हर बसवलं, लहान मुलांना दार उघडता येऊ नये म्हणून मिळतं ते.

"बाबा, मी भांडत नाहीये. तीन महिन्यांत तीन वेळा पडलात."

"एकदाच."

"आईने मला सगळं सांगितलंय. जानेवारीत, फेब्रुवारीत आणि आता. पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही, कंबर जाईल. मी तिकडे रात्रंदिवस फोनकडे बघत बसू का?"

गुरुनाथरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. चौतीस वर्षांपूर्वी लावलेलं मेपलचं झाड तिथे होतं, आणि त्याच्याबद्दल त्यांनी आजवर निदान अकरा गोष्टी रचल्या होत्या. कॅरीतल्या झाडाला बिचाऱ्याला एकही गोष्ट नव्हती.

शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलने घरात पडण्याजोगं काय आहे ते तपासायला थेरपिस्ट पाठवली. नाव शैलजा, मूळची नागपूरची, पन्नाशीची, पायांत घरातले वेगळे बूट आणि कमरेला मोजायची टेप. तिने न्हाणीघर पाहिलं, गालिचे पाहिले, मग दाराच्या मुठीवरचं कव्हर पाहिलं.

"हे कोणासाठी लावलं?"

"अस्वलासाठी," गुरुनाथराव म्हणाले.

"बरं. काका, आता मला सांगा, पडलात कसे?"

गुरुनाथरावांनी घसा खाकरला. समोर नवा श्रोता होता, तोही नागपूरचा. "त्याचं असं झालं, सकाळची वेळ, हरीण चांगलं खांद्याएवढं..."

शैलजाने पूर्ण ऐकलं. मध्ये दोनदा मनापासून हसली. मग पेनाचं टोपण काढलं. "मस्त आहे काका. पण कसं आहे नं, हरीण असेल तर मला दाराला कुलूप लिहावं लागेल. चक्कर असेल तर जिना बंद लिहावा लागेल, कायमचा. आणि पायरी असेल, तर पायरी दुरुस्त करता येते. बोला, काय लिहू?"

स्वयंपाकघराच्या दारात राधिका फोल्डर छातीशी धरून उभी होती.

गुरुनाथरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मधूनच सोडून दिली.

"पायरी," ते म्हणाले. "शेवटची. तिन्ही वेळा तीच. मला वाटतं की जमीन आली, आणि जमीन आलेली नसते."

"चक्कर?"

"नाही."

"मग बाबा, डॉक्टरांना भूकंप का सांगितला?" राधिका जवळजवळ ओरडली.

"काय सांगू मग? चौतीस वर्षं मी गाड्यांचे हेडलाइट केले. पावसात, धुक्यात माणसाला रस्ता दिसावा म्हणून. आणि माझ्याच घरात, भर सकाळी, मला माझी पायरी दिसत नाही. हे सांगण्यापेक्षा हरीण बरं."

मग रत्नाबाई हलकेच म्हणाल्या, "अहो, निदान मला तरी."

शैलजाने मुठीवरचं कव्हर काढलं, गुरुनाथरावांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला आणि तो धरून एक पायरी खाली राहत त्यांना हळूहळू उतरवलं. अकराव्या पायरीवर थांबवलं.

"कठडा धरा. मान न हलवता फक्त डोळे खाली करा. किती पायऱ्या उरल्या?"

"एक. मग जमीन."

"आता हनुवटी छातीला लावा, पूर्ण खाली. आता?"

गुरुनाथरावांनी मान वाकवली. धुक्यातून गाव वर यावं तशी खालून एक पायरी वर आली.

"दोन," ते म्हणाले. "अरेच्चा! दोन!"

"हा चष्मा कधीचा?"

उत्तर वरून रत्नाबाईंनी दिलं. "डिसेंबरात पुण्याला गेलो होतो तेव्हाचा! आधी लांबचा वेगळा होता आणि वाचायचा गळ्यात दोरीला. दोरी शेवेच्या डब्यात बुडते म्हणून यांनी एकाच काचेत सगळं करून आणलं. आणि जानेवारीपासून आपटताहेत. तरीच!"

"चष्मेवाल्याची चूक नाही बरं का," शैलजा म्हणाली. "या काचेचा खालचा भाग वाचायचा. हातभर अंतरावरचं पुस्तक त्यातून लख्ख दिसतं. पण पाय डोळ्यांपासून पाच फुटांवर. जिना उतरताना आपण नेमके खालच्या भागातून बघतो, म्हणून पायरीची कड पुसट होते आणि खोलीचा अंदाज चुकतो. पुष्कळ लोक असेच पडतात."

गुरुनाथरावांच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. "म्हणजे माझा लो बीम, खालचा झोत, वाचनालयाकडे रोखलेला आहे!"

"हं, तसंच समजा. आणि हा जिनाही तुमच्या बाजूचा नाही. बघा."

त्यांनी पाहिलं, या वेळी हेडलाइटवाल्याच्या नजरेने. दिवा एकच, वरच्या टोकाला, म्हणजे उतरणाऱ्याच्या पाठीमागे. स्वतःचीच सावली स्वतःच्या पुढच्या पायरीवर. पायऱ्यांना गव्हाळ कार्पेट, खाली जमिनीलाही तेच, कड म्हणून कुठे रेघ नाही. बटण फक्त वर. खालून येताना अंधारात चाचपडायचं. अशी गाडी कोणी त्यांच्यासमोर आणली असती, तर त्यांनी ती कारखान्याच्या दाराबाहेर पडू दिली नसती.

"राधिका, वर्कबेंचच्या दुसऱ्या खणात माझा प्रकाश मोजायचा मीटर आहे, आण."

वरच्या पायरीवर काटा शंभराच्या पुढे होता. तेराव्या पायरीवर नऊ.

"नऊ," गुरुनाथराव म्हणाले, आणि त्या आकड्याला त्यांनी काही जोडलं नाही. राधिकाने बापाकडे वळून पाहिलं. तिला ते नऊ हरणापेक्षा मोठं वाटलं.

शैलजाने पिशवीतून रुंद पिवळी पट्टी काढून तात्पुरती शेवटच्या पायरीच्या कडेला चिकटवली. मग कागदावर लिहून दिलं: प्रत्येक पायरीच्या कडेला अशीच ठळक पट्टी, जिन्याच्या दोन्ही टोकांना दिवे, डोळ्यांवर न येणारे, वर आणि खाली बटण, दुसऱ्या भिंतीलाही कठडा. "चष्म्याचं डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा. चालायला, जिन्याला आणि बाहेर जायला नुसता लांबचा चष्मा. तुम्ही रोज बाहेर हिंडता, म्हणून तुम्हाला तो उपयोगी पडेल. घरातच बसणाऱ्याला सारखा चष्मा बदलणं उलट त्रासाचं होतं. आणि मोतीबिंदू आहे का तेही बघून घ्या."

"कॅरीला जायचं का नाही, ते लिहा ना," रत्नाबाई म्हणाल्या.

"ते माझ्या फॉर्मात नसतं काकू."

रविवारी राधिका आणि गुरुनाथराव जिन्यावर गुडघे टेकून बसले होते, ती वरून सातव्या पायरीवर पट्टी लावत, ते खालून. प्लास्टरच्या हाताने पट्टी सरळ लागेना, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, सोमवारी मी त्यांना 'घर नको' म्हणून कळवते. पण एका अटीवर. रोज संध्याकाळी फोन. जिन्याबद्दल फक्त खरं. शिंगं नाहीत, भूकंप नाही."

"आणि जिना सोडून बाकीचं?"

"बाकी तुमचं काय ते तुम्ही बघा."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, त्याची शस्त्रक्रिया मे महिन्यात झाली. नंतर नवा नंबर काढून लांबचा चष्मा आला आणि दोरी पुन्हा गळ्यात आली. इलेक्ट्रिशियनने दोन्ही टोकांना दिवे आणि बटणं बसवली. दिव्यांचा कोन गुरुनाथरावांनी त्याच्याकडून चार वेळा बदलून घेतला, तो वैतागून गेला. मीटरने तेराव्या पायरीवर एकशे साठ दाखवले.

कट्टा पुन्हा सुरू झाला. प्रताप पिवळ्या पट्ट्या बघत उतरला आणि म्हणाला, "हे काय, विमानतळ?" गुरुनाथरावांनी त्याला सांगितलं, की हरणांना पिवळा रंग सोसत नाही.

रोज साडेसहाला फोन मात्र जात होता. "राधिका, आज चार वेळा उतरलो, चार वेळा चढलो. कठडा धरून. काही झालं नाही." संपलं. गुरुनाथरावांच्या मते जगातली सगळ्यात रद्दी गोष्ट. फोन ठेवल्यावर तोंडाची चव जायची. पण पलीकडून ती दर वेळी इतका लांब श्वास सोडायची, की एवढी दाद त्यांच्या कुठल्याही थापेला मिळाली नव्हती.

ऑगस्टातल्या एका संध्याकाळी तो श्वास संपल्यावरही राधिकाने फोन ठेवला नाही.

"बाबा."

"हं?"

"ते हरीण. केळं खाल्ल्यावर पुढे काय झालं त्याचं?"

गुरुनाथरावांनी फोन खिशात टाकला, जिन्याचे दोन्ही दिवे लावले, चष्मा बदलला. मग ते कठडा धरून तेराच्या तेरा पायऱ्या उतरले, सोफ्यावर बसले आणि फोन कानाला लावून त्यांनी घसा खाकरला.

"त्याचं असं झालं," ते म्हणाले.