बायकोसमोर भरलेला फॉर्म

आहारतज्ज्ञ बाईंचा एक नियम होता. उंची, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब हे सगळ्यांसमोर. पण आजार, औषधं आणि काल दिवसभरात काय पोटात गेलं, हे माणसाला एकटं बसवूनच विचारायचं. त्या दिवशी त्यांनी तो नियम मोडला. कारण नवऱ्याला घेऊन आलेली बायको फार विनोदी होती.

"काय खातात ते नका विचारू," ती म्हणाली. "काय सोडतात ते विचारा, फॉर्म लवकर भरेल."

बाई खो खो हसल्या. नवरा गोदामात कामाला होता, वजन एकशे आठ किलो. तो मान खाली घालून वजनकाट्यावरून उतरला.

"उठता किती वाजता?"

"पाचला. सहाला कामावर. दिवसभर शिडीवर चढ-उतार."

"चढतात कसले! शिडीच कण्हत असेल," बायको म्हणाली.

"घरात कुणाला साखरेचा आजार?"

"सासऱ्यांचा पाय कापला त्यापायी. ह्यांच्याही मागे लागेल, मग ढकलगाडीवर बसवून मी फिरवेन, दुसरं काय!"

बाईंना पुन्हा हसू आलं. खरं तर इथेच पेन थांबायला हवं होतं.

"तुम्हाला काही गोळ्या चालू?"

त्याने बायकोकडे पाहिलं. "नाही."

"रक्ताचा रिपोर्ट?"

"पुढच्या वेळी आणतो."

तो रकाना रिकामा सोडून बाईंनी आहाराचा तक्ता हातात दिला. सकाळचा नाश्ता बंद, अकरापर्यंत फक्त पाणी, जेवणात धान्य निम्मं, कामावर जाण्याआधी अर्धा तास झपाझप चालणं. गोळ्या न घेणाऱ्या माणसाला कदाचित तो झेपलाही असता.

चौथ्या दिवशी सकाळी तो शिडीवरून पडला. डोक्याला टाके, मनगट मोडलेलं. रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली गेली होती. चार वर्षं तो साखर उतरवणाऱ्या गोळ्या गोदामातल्या कपाटात ठेवून चोरून घेत होता. आता उपाशीपोटी घेतल्या आणि व्हायचं ते झालं.

बाई धावतपळत वॉर्डात पोचल्या. बायको शेजारच्या खाटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती.

"चार वर्षं! बापाचं दुखणं अंगावर घेतलंय आणि माझ्यापासून लपवतायत. आता बघा, उठता-बसता गोळ्यांचा हिशेब मागते की नाही!"

पलीकडच्या खाटेवरचा रुग्ण हसला. या वेळी बाई हसल्या नाहीत.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," त्या म्हणाल्या. बायको तोंड वाकडं करत गेली. बाईंनी खुर्ची खाटेजवळ ओढली, कोरा फॉर्म काढला आणि हळू आवाजात विचारलं, "आता सांगा, कोणकोणत्या गोळ्या, किती वाजता?"

त्याने दाराकडे पाहिलं.

"तिलाच विचारा, मॅडम. आता तिला सगळं माहीत आहे."