समोरची जागा

बाकं फिरवून पोरं हुशार झाली असती, तर आमच्या शाळेत शिपायालाच मुख्याध्यापक केलं असतं. योगेशला मी पहिल्याच दिवशी हे ऐकवलं. तो हसला. एम.एड. करणारा केडगावचा तरुण, पारनेर तालुक्यातल्या आमच्या सातवीत निरीक्षणाला आला होता. वर्ग तोच, बाई त्याच, विषय तोच, फक्त बसायची रीत बदलायची: आधी रांगा, मग जोड्या, मग गट. कोण आपणहून हात वर करतं, कोण विचारल्यावरच बोलतं, कोण शेजाऱ्याशी अभ्यासाचं बोलतं, याच्या खुणा तो मागं बसून वहीत करायचा. रीत बदलली की पहिले एकदोन दिवस सोडून द्यायचा, कारण नव्या नवलाईत सगळीच पोरं बोलतात.

रांगांचा निकाल मला तोंडपाठ होता. पुढची आणि मधली पोरं बोलतात, मागचे कोपरे मुके. खिडकीजवळच्या कोपऱ्यात ज्ञानेश्वरी होती. तिच्या बाकाची उजवी बाजू दिवाळीपासून रिकामी होती.

तिथं जया बसायची. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यावर दोघी पाणी आणायला गेल्या आणि एकटी ज्ञानेश्वरी परत आली. तेव्हापासून ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिची आई, मुक्ताबाई, मला सांगून गेली होती, "बाई, पोरगी बोलंना. साळंत नुसती बसवून काय करू? मे महिन्यात संगमनेरला मावशीकडं धाडते, कामाला तरी लागंल." मी हातापाया पडून सत्रअखेरीपर्यंतची मुदत मागून घेतली. योगेशच्या बाकांवर माझा विश्वास नव्हता, पण बुडत्याला काडीचा आधार.

जोड्या लावताना मी एका मुलीला ज्ञानेश्वरीशेजारी जायला सांगितलं. ती जागची हलेना. "बाई, तिथं जागा न्हाई," ती म्हणाली, आणि वर्गात एकही पोरगं हसलं नाही. पोरांना भीती वाटते म्हणून सोडून दिलं, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मलाच भीती वाटली होती.

आठवड्यानं मधल्या सुट्टीत योगेश माझ्याकडं आला. चेहरा उतरलेला. जोड्यांमध्ये मागची पोरं शेजाऱ्याशी बोलू लागली होती, हे खरं. पण ज्ञानेश्वरी सगळ्यांत जास्त बोलत होती.

"कुणाशी?"

"उजवीकडं, मॅडम. हळू आवाजात उदाहरण सांगते. मग थांबते, ऐकल्यासारखी. मग मान हलवते." त्यानं खुणांची वही पुढं केली. "हे शेजाऱ्याशी बोलणं धरू का?"

मी त्याच्यावर खेकसले. पोर आहे ती, तुझी खूण नाही, असं काहीतरी बोलले. त्या दिवसानंतर शिकवताना मी त्या कोपऱ्याकडं बघायचंच टाळलं. तरी वाटायचं की तिथून दोन चेहरे फळ्याकडं बघतायत.

मग गट केले. दोन बाकं समोरासमोर, चौघांचा एक गट. ज्ञानेश्वरीच्या गटातली दोघं एका कडेला समोरासमोर बसली आणि चौथी, जयाची रिकामी जागा आपोआप ज्ञानेश्वरीच्या समोर आली. पहिले दिवस नुसत्या गलक्यात गेले. तिसऱ्या दिवशी घर्षणाचा धडा होता. मी प्रश्न दिला: घर्षण कमी झालं की कुठं अपाय होतो? गटात बोला, मग सांगा.

वर्ग गुणगुणायला लागला. रांगेत कधी तोंड न उघडलेली पोरंसुद्धा भांडून उत्तरं देत होती. योगेशची पेन्सिल थांबत नव्हती. ज्ञानेश्वरी मात्र समोरच्या रिकाम्या जागेकडं बघून पुटपुटत होती. शेजारी असलेल्या माणसाकडं न बघताही बोलता येतं. समोरच्याकडं बघावंच लागतं. बघता बघता तिचे ओठ हलायचे थांबले.

तिनं हात वर केला. आपणहून.

"बाई, हितं कुनीच न्हाई."

ती उभी राहिली.

"तळ्याचा कागद वला हुता. वर शेवाळ हुतं. तिचा पाय सटाकला. मी हात दिलता बाई, पर हात बी वला हुता. निसाटला."

आणि वीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबर."

ती खाली बसली. मी धावत जाऊन तिला पोटाशी धरलं, तेव्हा ती रडायला लागली. माझ्या पाठीमागं ती रिकामी जागा होती, आणि वळून बघायचा मला धीर झाला नाही.

संध्याकाळी मुक्ताबाई फाटकाशी भेटली. पोरांनी तिला आधीच काहीबाही सांगितलं होतं.

"माजी पोर बोलली म्हनं?"

"बोलली. शाळेतून काढू नका आता."

"न्हाई काढत." तिनं पदरानं डोळे पुसले. "काय बोलली वो बाई?"

"धड्यातल्या प्रश्नाचं उत्तर," मी म्हणाले.

"बरोबर आलं का?"

मला हो म्हणून मान हलवावी लागली.