तक्त्यातली तिसरी ओळ

इस्पितळाच्या धुलाईखात्यातल्या इस्त्रीवालीने ओव्हरटाइमसाठी दोन पानभर अर्ज खरडले. पगार-कारकुनाने दोन्ही न वाचताच फायलीत गाडले. मग नणंदेने छोटा तक्ता आखून दिला: महिना, केलेले तास, पगारपत्रकातले तास, फरक. जानेवारीत सहा कमी, फेब्रुवारीत सहा कमी, मार्चमध्ये दोन जास्त.

"वहिनी, मार्च गाळ की!"

"का? मी काय त्यांच्यासारखी आहे?"

कारकुनाने तक्त्यावरून बोट फिरवलं आणि मेल्याचा चेहराच खुलला. "वा ताई, आता कसं एका नजरेत कळलं!"

पुढच्या पगारातून मार्चचे दोन तास बिनबोभाट कापले गेले. उरलेल्या बारांचं विचारायला ती गेली, तेव्हा तो म्हणाला, "त्याचं असं तक्त्यात नाही कळत, ताई. सविस्तर अर्ज लिहून आणा."