नळदुर्गची गाळलेली ओळ

शेती-सल्ल्याच्या वेबसाइटचे मालक महांतेश धाराशिवच्या ऑफिसात वाचकांचा गावनिहाय रिपोर्ट पाहून तडकले. "नळदुर्गची ओळच न्हाय! तिथल्यासाठी काढलेलं कन्नड भाषेतलं हवामानाचं पान कुणीच वाचत न्हाय, बंद करा."

ते पान सांभाळणाऱ्या वृषालीचं डोकंच फिरलं. "सर, तुम्ही वाचकांचा वयोगटही मागितलात ना, म्हणून. एखाद्या गटात वाचक थोडे असले, की ते कोण हे ओळखू येऊ नये म्हणून रिपोर्ट त्यांची ओळच गाळतो."

तिनं वयोगट काढला. नळदुर्ग दिसू लागलं. वाचक मोजकेच, पण नेमानं येणारे.

महांतेशनी त्या ओळीवर बोट ठेवलं. नळदुर्गला त्यांची कन्नड वाचणारी आई राहत होती.

"फोन केला की ती मलाच पावसाचा अंदाज सांगते," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, शेजारणीकडनं कळत असंल."