पंचेचाळीस मिनिटांचे दृढीकरण

रुग्णालयाच्या प्रशिक्षण समन्वयकांना परिचारिका पाठीमागे ‘मिनिटराव’ म्हणत, आणि ते नाव त्यांच्या कानी गेल्यापासून ते अधिकच ताठ चालू लागले होते. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे वेळापत्रक आखणे ही त्यांच्या लेखी कारकुनी नव्हती. ते शास्त्र होते. माणसे उशिरा येतात, वक्ते लांबतात, प्रश्न विचारणारा प्रश्न सोडून स्वतःची हकीकत सांगतो. म्हणून एकूण वेळेचा सहावा हिस्सा मोकळा ठेवावा, असा त्यांचा सिद्धांत होता. स्वतःच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी मुहूर्त आणि पंगत यांच्यामध्ये ‘राखीव वीस मिनिटे’ लिहून ठेवली होती, हे त्यांची पत्नी अजूनही पाहुण्यांना हसत हसत सांगे. ती वीस मिनिटे लागली होती, हे मात्र सांगत नसे.

यंदाची कार्यशाळा थांबलेले हृदय पुन्हा चालू करण्याच्या तंत्रावर, म्हणजे सीपीआरवर होती. शिकणारे चोवीस, सरावाचे पुतळे चार. प्रत्येकाने दोन मिनिटे पुतळ्याची छाती दाबायची, चुका ऐकायच्या, मग पुन्हा दाबायची: एकेकाला बारा मिनिटे. एका पुतळ्याशी सहा जण, एकूण बहात्तर मिनिटे. ज्याने स्वतःच्या हाताने दाबले नाही त्याला प्रमाणपत्र नाही, असा नियमच होता. गेल्या दोन कार्यशाळांत भाषणे इतकी लांबली की सराव उरलाच नाही, आणि प्रमाणपत्रे कपाटात पडून राहिली.

“या खेपेला एक जरी सिस्टर हात न लावता वॉर्डात परतली,” मेट्रननी त्यांना दारातच अडवून बजावले होते, “तर प्रशिक्षण विभाग मी चालवीन आणि तुम्ही औषधांच्या गोदामात खोकी मोजा. संचालकांशी बोलून ठेवलंय मी.”

मिनिटराव घरी जाऊन कामाला लागले. पहिल्या मसुद्यात त्यांनी प्रामाणिकपणे चार ठिकाणी ‘राखीव वेळ’ असे लिहिले. संचालकांच्या स्वीय सहायकाने तो कागद दुसऱ्याच दिवशी परत पाठवला. चारही जागी लाल शाईने एकच मजकूर होता: ‘मान्यवरांचे मनोगत’.

“अहो, जागा रिकामी दिसली म्हणून भरली,” सहायक फोनवर म्हणाला. “साहेबांना मोकळं काही आवडत नाही.”

मिनिटरावांनी मग आयुष्यातला पहिला खोटेपणा केला. भाषणांवर फुली मारून त्यांनी राखीव वेळेला अशी नावे दिली की त्यांना हात लावण्याचे धाडस कुणालाही होऊ नये. पहिल्या दिवशी ‘संकल्पना-स्थिरीकरण’, वीस मिनिटे, आणि ‘गटनिहाय प्रतिबिंबन’, तीस मिनिटे. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पूर्वज्ञान-जागृती’, पंधरा मिनिटे. आणि सर्वांत मोलाची, सरावानंतरची पावणेचार ते साडेचार ही पंचेचाळीस मिनिटे: ‘अनुभव-संकलन व दृढीकरण’. मसुदा तासाभरात मंजूर होऊन आला. समासात संचालकांनी स्वहस्ते लिहिले होते: ‘उत्तम. हेच नावीन्य हवे.’

त्या नावांखाली काहीही नाही, हे मिनिटरावांनी कुणालाच सांगितले नाही. मेट्रननाही नाही.

पहिला दिवस कसाबसा निभावला. उद्घाटनात संचालकांनी दहा मिनिटांची पन्नास केली, तेव्हा स्थिरीकरण बुडाले आणि प्रतिबिंबनातली वीस मिनिटेही त्याच्यामागून गेली. दुसऱ्या दिवशी यंत्रे विकणाऱ्या कंपनीचा माणूस अर्ध्या तासासाठी आला आणि सत्तर मिनिटे बसला. त्याच्यामागून आलेल्या हृदयतज्ज्ञांना एका सिस्टरने प्रश्न विचारण्याची चूक केली. जागृती केव्हाच गिळली गेली होती. जेवण पाऊण तास पुढे सरकले आणि सव्वादोनचा सराव तीनला सुरू झाला.

मिनिटराव मनातल्या मनात हसले. पाऊण तास गेला होता आणि पाऊण तास शिल्लक होता. शास्त्र ते हेच! चहा उभ्याउभ्याच देऊन त्यांनी सराव चालू ठेवला. पावणेचारला बारा जणींचे झाले होते, चौघी गुडघ्यांवर होत्या, आठ रांगेत. सव्वाचारच्या आत सगळे आटोपणार होते.

तेवढ्यात दार उघडले. संचालक, त्यांच्यामागे स्वीय सहायक, त्याच्यामागे दोन पाहुणे आणि एक छायाचित्रकार आत आले.

“चालू द्या, चालू द्या,” संचालक म्हणाले. “यांना मुद्दाम आणलंय. अनुभव-संकलन व दृढीकरण बघायचंय. सुरू कधी होतंय?”

“साहेब, सराव जरा लांबलाय.”

“मग आवरा तो. पावणेचार झाले. वेळापत्रक तुम्हीच केलंय ना?”

रांगेतल्या एका सिस्टरने बाहीची घडी परत सोडली. मेट्रननी मिनिटरावांकडे पाहिले. त्या नजरेत खोकीच खोकी होती.

मिनिटरावांनी रांग मोजली. एखादे संकलन तिथल्या तिथे उभे करता आले असते: गोल बसवायचे, भावना विचारायच्या. पाहुणे खूश झाले असते आणि आठ जणी कोऱ्या हातांनी परतल्या असत्या.

“साहेब,” ते म्हणाले, “त्या सत्रात काहीच नाही. ती उशिरासाठी ठेवलेली वेळ आहे. नाव मी लावलं.”

 दाब पुरेसा खोल गेला की वाजणारे पुतळे टिकटिकत राहिले. मेट्रनच्या ओठांचा कोपरा हलला.

“काहीच नाही?” संचालकांनी पाहुण्यांकडे वळून पाहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. “मग मी बोलतो.”

स्वीय सहायकाने माईक पुढे केला. मेट्रन एक पाऊल पुढे आल्या.

“जरूर बोला, साहेब. पण यांचे हात थांबणार नाहीत. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, थांबलं की रुग्ण गेला. तुमच्यासमोर कशाला जायला हवा?”

संचालकांना ही भाषा सन्मानाची वाटली. ते बोलू लागले: सेवेवर, समर्पणावर, स्वतःच्या विद्यार्थिदशेवर. खाली चार पुतळे दर दाबाला टिक् टिक् वाजत होते, आणि चौथ्या मिनिटापासून वक्त्याची वाक्ये त्या ठेक्यात पडू लागली. “समर्पण म्हणजे, समर्पण म्हणजे,” ते म्हणत, आणि प्रशिक्षक ओरडे, “खोल दाबा! कोपर सरळ!”

“हे मला म्हणतोय का?” संचालकांनी सहायकाला हळूच विचारले.

“नाही साहेब. तुमचं सरळच आहे.”

छायाचित्रकाराने वक्त्याची तीन छायाचित्रे काढली आणि मग खाली बसून पुतळ्यांचीच काढत राहिला. चार वाजून बारा मिनिटांनी शेवटच्या सिस्टरने हात झटकले. मिनिटरावांनी यादीवर चोविसावी खूण केली आणि बराच वेळ पेन तसेच धरून ठेवले.

प्रमाणपत्रांवर सह्या करताना संचालक प्रसन्न होते. “सगळ्यांचं झालं?”

“चोवीसही, साहेब.”

“बघा. भाषणाचा परिणाम असतो.”

आठवड्याने परिपत्रक आले: यापुढे प्रत्येक कार्यशाळेत प्रत्यक्ष सराव चालू असतानाच संचालकांचे मार्गदर्शन व्हावे. मेट्रननी ते वाचून मिनिटरावांच्या टेबलावर ठेवले. “यावर हरकत घ्याल ना? तुमच्या वेळापत्रकात घुसलेत.”

मिनिटरावांनी परिपत्रक दोनदा वाचले. भाषणाची वेळ वेगळी धरायची नव्हती. ती सरावातच जाणार होती, म्हणजे शून्य मिनिटे.

“नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी नवा कागद ओढला. “साहेबांना म्हणावं, हवं तितकं बोला.”