सगळं हिरवं

नऊ पथकांचे आठवड्याचे अहवाल जोडून सुकाणू समितीसाठी एकच तक्ता करायचा, हे वेदिकाचं काम. दिंडोरी रस्त्यावरच्या नव्या रुग्णालयाचे नऊही अहवाल हिरवे, म्हणजे काम वेळेवर असल्याचे होते. पण जोडताना तिला दिसलं, की आग विझवणारा पंप वीजजोडणीवर अडलाय आणि वीजवाल्यांनी जोडणीची तारीख वॉर्ड उघडण्याच्या पुढे नेलीय. जो तो आपल्या तारखेपुरता खरा. तिने 'वॉर्ड सुरू' हा टप्पा लाल केला.

"अगं, उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या," तिचे साहेब आल्हादसर म्हणाले. "सरासरी काढ, हिरवाच येईल."

"सर, टप्प्याचा रंग सगळ्यात मागे पडलेल्या कामावरून ठरतो."

"आणि तुझी नोकरी कायम होणं माझ्या शेऱ्यावरून ठरतं."

वेदिकाने रंग बदलला.

बैठकीत अध्यक्षांनी पडद्याकडे पाहिलं. "लाल काही नाही ना? मग उघडा वॉर्ड."

मागच्या खुर्चीत वेदिकाने तक्त्याची फाइल मिटली.

सोमवारी वॉर्ड भरला. पंपाला वीज नव्हतीच. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावायला वेदिकाने काडी ओढली, आणि ज्योत उठताच दचकून फुंकून टाकली. त्या दिवशी तिचे देव अंधारातच राहिले.